देव मुंबईला कधी आले?

मुंबईतल्या एखाद्या मराठी घरी मी पहिल्यांदा जाते तेव्हा देव्हाऱ्याकडे बघून एक प्रश्न हमखास विचारते. हे देव मुंबईला कधी आले? घरातली माणसं क्षणभर थांबतात. माणसं कधी आली ते त्यांना पाठ असतं. आजोबा अमुक साली आले, अमुक गिरणीत लागले, अमुक चाळीत खोली घेतली. देवांचं साल मात्र कुणी विचारलेलं नसतं. मग आठवायला सुरुवात होते, आतल्या खोलीतून आजीला बोलावलं जातं, आणि त्या घराचा धर्म नेमका काय आहे हे हळूहळू कळायला लागतं.

धर्माचा अभ्यास म्हटलं की आपल्यासमोर ग्रंथ येतात. वेद, गीता, निर्णयसिंधू, नाहीतर एखाद्या संप्रदायाची तत्त्वं. त्या अभ्यासाला मोल आहेच. पण सकाळी साडेपाचला नळाला पाणी आल्यावर घाईघाईने देव धुणारी बाई काय करते आहे, याचं उत्तर त्यात सापडत नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत अभ्यासकांनी या दुसऱ्या गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वळवलं. तिला मी मराठीत 'जगण्यातला धर्म' म्हणते. लोक काय मानतात असं सांगतात त्यापेक्षा ते हाताने काय करतात, कुठे करतात, कुणाबरोबर करतात आणि कधी चुकवतात, ते बघायचं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात स्थायिक झालेल्या इटालियन लोकांचा रॉबर्ट ऑर्सी यांनी केलेला अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. ११५व्या रस्त्यावरच्या मेरीमातेच्या उत्सवाचा तो अभ्यास. त्यांना असं दिसलं की चर्चच्या शिकवणीपेक्षा त्या लोकांच्या धर्माचं केंद्र त्यांचं घर होतं, नात्यागोत्यांचं, जबाबदाऱ्यांचं घर. गाव सोडून शहरात आलेल्या माणसांबद्दलचं ते वाचताना मला सारखं लालबाग-परळ आठवत होतं.

आता हा अभ्यास करायचा कसा, ते एका घराच्या आधाराने सांगते. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावं आणि गाव बाजूला ठेवलं आहे. कुटुंब सातारा जिल्ह्यातलं, परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणारं. माझं जाणं-येणं सुरू झालं तेव्हा घरात आजी, तिचा मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू होता.

पहिल्या भेटीत माझी एक चूक झाली. ती सांगते, कारण नव्याने हे काम करणारा प्रत्येकजण तीच करतो. मी आजींना विचारलं, "तुम्ही खंडोबाची पूजा का करता?" आजी सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "खंडोबा म्हणजे शंकराचा अवतार. त्याने मणी-मल्ल दैत्यांना मारलं. भक्ती केली की देव पावतो." उत्तर बरोबर होतं, पण ते आजींचं नव्हतं. ते कीर्तनातलं, पोथीतलं, टीव्हीवरच्या मालिकेतलं उत्तर होतं. 'का' असा प्रश्न ऐकला की माणसाला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं आणि तो शास्त्राकडे धावतो. दुसऱ्या भेटीत मी एका छोट्या चपट्या चांदीच्या पत्र्याकडे बोट दाखवून म्हटलं, "आजी, हा कुठून आला?" त्यावर आजी पाऊण तास बोलत होत्या.

म्हणून पहिली पायरी अशी की का विचारायचं नाही. कुठून आलं, कुणी आणलं, तेव्हा घरात काय चाललं होतं, याला रोज काय लागतं आणि उद्या हे इथून हलवलं तर कोण नाराज होईल, एवढंच विचारायचं. यातला शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. 'नाराज' म्हणजे देव की माणूस, हे मी सांगत नाही. ऐकणारा ठरवतो, आणि तो काय ठरवतो तेही टिपून ठेवते.

दुसरी पायरी नकाशाची. वहीत देव्हाऱ्याचं चित्र काढायचं, प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यायचा. घरच्यांनी हो म्हटलं तरच फोटो, पण फोटो असला तरी चित्र काढायचंच, कारण काढताना डोळा थांबतो. या घरात भिंतीवर दोन पायऱ्यांची लाकडी फळी होती, जेमतेम दोन फूट रुंद. खालच्या पायरीवर चार टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेल्या देवांच्या आकृती: घोड्यावर म्हाळसेसह खंडोबा, तुळजाभवानी, जोतिबा, आणि चौथा पूर्वजाचा, ज्याला घरात 'वीर' म्हणतात. शेजारी पितळी बाळकृष्ण, दोन अन्नपूर्णा, एक पितळी गणपती, घंटा, शंख, समई आणि भंडाऱ्याची डबी. वरच्या पायरीवर तीन तसबिरी: सिद्धिविनायक, अक्कलकोटचे स्वामी समर्थ, शिर्डीचे साईबाबा. तसबिरींच्या मागे एक पत्र्याची डबी, झाकण घट्ट लागलेलं. एकूण सोळा वस्तू. फळीच्या बाजूला खिळ्याला कालनिर्णय. त्याला मी क्रमांक दिला नाही, पण नकाशात दाखवलं, कारण संकष्टीचा उपास कधी सोडायचा हे त्या घरात चंद्र बघून ठरत नाही, चौकटीत छापलेल्या चंद्रोदयाच्या वेळेवर ठरतं.

आता यातल्या तीन गोष्टी बघू.

दोन अन्नपूर्णा का? देव्हाऱ्यात एक असली की भागतं. पण लग्नात मुलगी गौरीहर पुजते आणि माहेराहून आलेली अन्नपूर्णा सासरी घेऊन येते. एक अन्नपूर्णा आजींच्या माहेरची, दुसरी सुनेच्या माहेरची. टाक बापाकडून मुलाकडे जातात, त्या कुळाच्या वस्तू आहेत. अन्नपूर्णा बायकांबरोबर चालत येते. त्या दोन फुटांच्या फळीवर उभी रेघ पुरुषांच्या वंशाची आणि आडवी रेघ लग्नाने जोडलेल्या घरांची, अशी दोन्ही नाती शेजारी बसलेली असतात. आजींच्या अन्नपूर्णेचं नाक-डोळे झिजून सपाट झाले होते. चिंचेने आणि राखेने साठ-पासष्ट वर्षं घासलेली मूर्ती. सुनेची अजून टोकदार होती. वय विचारायची गरजच पडली नाही.

दुसरी गोष्ट गणपतीची. घरात तीन गणपती, दोन शिवलिंगं, दोन शंख पुजू नयेत, असा नियम धर्मनिबंधांत आहे आणि घरोघरी तो कानावरून गेलेला असतो. या घरी लग्न-बारशात आलेले गणपती मोजले तर सहा होते. देव्हाऱ्यात एकच, बाकी पाच समोरच्या शोकेसमध्ये. विचारलं तर मुलगा म्हणाला, "ते पूजेतले नाहीत, शोभेचे." नियमही पाळला गेला आणि भेटही कुणाची टाकली गेली नाही. इथेच थांबले असते तर मी 'देव्हारा आणि शोकेस यांत स्पष्ट सीमा' असं लिहून मोकळी झाले असते. पण एका मंगळवारी सकाळी मी तिथे होते. आजींनी देव्हाऱ्यातल्या गणपतीला जास्वंद वाहिली आणि परत वळताना शोकेसची काच सरकवून आतल्या एका गणपतीसमोर उरलेलं फूल ठेवलं. कुणाशी बोलल्या नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "फूल उरलं होतं ना." मुलाच्या तोंडी सीमा होती, आजींच्या हाताला ती नव्हती. दोघांचंही खरं आहे, आणि वहीत दोन्ही लिहायचं असतं.

तिसरी गोष्ट त्या पत्र्याच्या डबीची. ती सहाव्या भेटीत उघडली. आत मेरीमातेचं छोटं पदक होतं, वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेतलं. आजींचा मुलगा लहानपणी खूप आजारी पडला होता. त्याच मजल्यावर राहणाऱ्या एका ख्रिस्ती शेजारणीने सांगितल्यावरून आजींनी नवस बोलला, मुलगा बरा झाल्यावर सप्टेंबरच्या जत्रेत जाऊन मेणाची लहान मुलाची आकृती वाहिली आणि पदक आणलं. शास्त्रात त्याला जागा नाही, चर्चच्याही नोंदीत आजी नाहीत. घरातल्या देवाचा अपमान होऊ नये म्हणून ते डबीत, तसबिरींच्या मागे. पण फळीवरच. दिवा लागला की उजेड त्यालाही मिळतो, असं आजी म्हणाल्या. कुणी यादी मागितली असती तर ही डबी यादीत कधीच आली नसती.

आता तिसरी पायरी, दिवस बसून बघण्याची. 'घरात पूजा कोण करतं?' या प्रश्नाला चौघांनी एकच उत्तर दिलं: मुलगा. तो आंघोळ करून, कोऱ्या धोतराऐवजी धुतलेला टॉवेल गुंडाळून, दहा-बारा मिनिटांत गंध, फूल, धूप, दिवा, नैवेद्य असे पाच उपचार करतो आणि कामाला जातो. एखाद्या सर्वेक्षणाच्या तक्त्यात 'पुरुष' या रकान्यात खूण झाली असती. मी तीन सकाळी आणि दोन संध्याकाळी वेळ लिहीत बसले. आदल्या रात्री फुलांची पुडी आणणं, पहाटे पाणी येताच तांब्या भरून ठेवणं, कालची फुलं काढणं, ताम्हन घासणं, वाती वळणं, नैवेद्याची वाटी वाढणं, संध्याकाळी दिवाबत्ती. हे सगळं सून आणि आजी करत होत्या, आणि यातल्या एकाही गोष्टीला घरात कुणी 'पूजा' म्हणत नव्हतं. 'देवपूजा' हा शब्द पुरुषाच्या दहा मिनिटांसाठी राखलेला होता, बाकीच्याला 'देवाचं बघणं' म्हणत. म्हणून माझा आग्रह असतो की लोकांचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, देव धुणं, फूल वाहणं, सांजवात, देवाचं बघणं. सगळ्यांवर 'पूजा' हा एकच शब्द फासला की अर्धं घर नोंदीतून पुसलं जातं.

पूजेची वेळही मुहूर्तावर ठरत नव्हती. चाळीत पाणी पहाटे ठरावीक वेळ येई आणि आजोबांची पहिली पाळी सकाळी सातची. त्या दोन्हींच्या मध्ये पूजा बसली. आजोबा जाऊन किती वर्षं झाली, गिरणीचा भोंगा कधीच थांबला, तरी पूजेची वेळ सव्वासहाचीच राहिली.

चौथी पायरी सगळ्यांत अवघड: पूजा झाली नाही ते दिवस शोधायचे. रोजचं सुरळीत चाललेलं असतं तेव्हा नियम दिसत नाहीत, खंड पडला की दिसतात. पाळीच्या दिवसांबद्दल सून मोकळेपणाने बोलली. गावच्या घरी तिच्या सासूला चार दिवस वेगळं बसवत. दहा बाय बाराच्या खोलीत वेगळं बसायला कोपराच नव्हता आणि स्वयंपाकाला दुसरं माणूस नव्हतं, म्हणून नियम आकसत गेला. फळीला हात लावायचा नाही, एवढाच उरला. जागेने नियमाला कात्री लावली, पण तो पूर्ण गेला नाही. सुनेला तो पटत नव्हता. तेही तिने सांगितलं आणि मी लिहिलं.

सुतकाचं वेगळं. भावकीत कुणी वारलं की दहा दिवस घरातल्यांनी देवांना शिवायचं नाही. मग चाळीत समोरच्या खोलीतला शेजारी, वेगळ्या कुळाचा, येऊन देवांना पाणी घालून जाई. त्यांच्याकडे सुतक असलं की यांचा मुलगा जाई. चाळीची गॅलरी ओलांडून जाणारा हा व्यवहार वर्षानुवर्षं चालला होता. म्हणजे 'घरातली पूजा' घरातल्या घरात कधीच पुरी होत नव्हती, तिचा एक खांब शेजाऱ्याच्या खोलीत रोवलेला होता. मी फक्त रोजची पूजा बघून परत आले असते तर हे कळलं नसतं.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येते. आजोबा १९५८च्या सुमारास मुंबईत आले. टाक मात्र १९८९ साली आले. मधली एकतीस वर्षं परळच्या खोलीत काय होतं? कॅलेंडरवरून कापून चिकटवलेला एक खंडोबा आणि उदबत्तीचं घर. "देव गावाला होते," आजी म्हणाल्या, "आम्ही इथे नुसते नोकरीला." चंपाषष्ठीला गावी जायचं, तळी उचलायची, 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणायचं, वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य खायचा आणि परत यायचं. मग १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. आजोबांची गिरणी पुन्हा धड उघडलीच नाही. काही वर्षं गावी परतायचा विचार चालला. पुढे गावातल्या घराच्या वाटण्या झाल्या, थोरल्या भावाच्या पाठीमागे तिथे कुणी राहणारं उरलं नाही आणि घराला कुलूप लागायची वेळ आली. तेव्हा आजोबा टाक घेऊन आधी जेजुरीला गेले, देवाला देव भेटवला आणि एसटीने मुंबईला आले. आजींना आठवतं की डबा मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

मुंबईत आपण कधी कायमचे झालो, याचा कागद कुणाकडे नसतो. रेशनकार्ड आधीचं असतं, मतदारयादीत नाव आधीच येतं. पण टाक गावाहून हलले, त्या दिवशी या कुटुंबाने गावी परतायची आशा सोडली होती. मी बघितलेल्या अशा कितीतरी घरांत माणसं आणि देव यांच्या येण्यात वीस-तीस वर्षांचं अंतर निघालं. कोकणातल्या कुटुंबांत हाच प्रश्न टाकांऐवजी गणपतीचा असतो. गावचा गणपती मुंबईत आणायचा की नाही यावर भावाभावांत वर्षानुवर्षं बोलणं चालतं, कारण तो हलला की भाद्रपदात गावी जाण्याचं कारण हलतं. धर्मशास्त्र याविषयी काही बोलत नाही. प्रतिष्ठापना कुठेही करता येते.

या पद्धतीत काय बिघडू शकतं तेही सांगायला हवं. पाहुणा येणार म्हटलं की देव्हारा सजतो. म्हणून मी खुणा बघते. पुढचे टाक लखलखीत आणि मागचा काळवंडलेला असेल तर घासणं आजचं आहे. कुंकवाचा थर कुठल्या मूर्तीवर जाड आहे, भिंतीवर काजळी किती उंच चढली आहे, समईच्या तेलात धूळ आहे का, यावरून रोजची सवय कळते. आठवणींचं तसंच. १९८९ हे साल आजींनी सांगितलं, मुलाने १९९१ म्हटलं. शेवटी नातीच्या बारशाच्या फोटोमागे लिहिलेल्या तारखेवरून आणि त्यात दिसणाऱ्या फळीवरून ते ठरलं. आणि एका घरावरून 'मराठा समाजात असं असतं' किंवा 'साताऱ्याकडे असं करतात' म्हणण्याचा मोह आवरायचा. शेजारच्याच खोलीत, त्याच तालुक्यातल्या कुटुंबाकडे, वीराचा टाक नव्हता आणि त्यांना तो माहीतही नव्हता.

दुसरीकडे वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतल्या कितीतरी बौद्ध घरांत फळीवर बुद्ध आणि बाबासाहेब असतात, आणि १९५६ नंतर जुने देव घराबाहेर कसे गेले, कुणाच्या हाताने गेले, कोण रडलं, हे तितकंच बारकाईने सांगितलं जातं. तिथे नकाशात मी काढून टाकलेल्या वस्तूही तुटक रेघेने दाखवते. मुद्दाम रिकामी केलेली जागा हीसुद्धा नोंद आहे.

परळची ती चाळ पुढे पाडली आणि कुटुंब नव्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर गेलं. सहा महिन्यांनी मी पुन्हा वही घेऊन गेले. आता स्वयंपाकघरात लाकडी, दारं असलेला तयार देव्हारा होता. सोळापैकी बारा वस्तू आत होत्या. सिद्धिविनायकाच्या तसबिरीला वाळवी लागली होती, ती पिंपळाखाली ठेवून आले. साईबाबा कल्याणला लेकीकडे गेले. स्वामी समर्थ बाहेरच्या खोलीत दारासमोर, कारण सुनेला कामावर निघताना नमस्कार करायचा असतो. शंखाची गोष्ट तर हलवाहलव झाली नसती तर कळलीच नसती. तो घरचा नव्हताच, चाळीच्या सार्वजनिक गणपतीचा होता, वीस वर्षांपूर्वी ठेवायला आणला तो राहून गेला. मंडळाला परत दिला.

पत्र्याची डबी होती. देव्हाऱ्याच्या दाराआड, उजव्या कोपऱ्यात. नातवाने ती ठेवली होती, आत काय आहे हे आजीने त्याला हलवाहलवीच्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

त्या पावसाळ्यात गावी चुलत घरात मृत्यू झाला. व्हॉट्सअॅपवर निरोप आला, दहा दिवसांचं सुतक लागलं. चौदाव्या मजल्यावर समोरच्या दाराआड कोण राहतं हे अजून नीट माहीत नव्हतं, आणि जुना शेजारी दुसऱ्या इमारतीत, लिफ्ट उतरून-चढून यावं लागेल इतक्या अंतरावर. सुनेने देव्हाऱ्याची दारं लावून घेतली. पहिले दोन दिवस देव तसेच राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला बेल वाजली. आजींनी फोन केला होता, आणि जुना शेजारी, आता सत्तरीचा, हातात फुलांची पुडी घेऊन दारात उभा होता.